प्रोसेस चालू आहे

मार्च २०२५ मधल्या एका रविवारी मी सकाळी नऊला लॅपटॉप उघडून बसलो आणि संध्याकाळी सहाला उठलो. तेवढ्या वेळात मी फक्त एक व्हॉट्सॲप मेसेज लिहिला. तो चार जणांना पाठवायचा होता. चौघेही मला 'अरे तू' म्हणणारे.

ग्रुपचं नाव '४० आर'. सातारा जिल्ह्यात हायवेपासून जरा आत, एका गावाला लागून आम्ही पाच जणांनी मिळून ४० आर जमीन घेतली आहे, म्हणून ते नाव. शुक्रवारी रात्री माझ्या कॉलेजच्या रूममेटने ग्रुपवर विचारलं होतं, "एनएचं नक्की काय झालंय? मला जूनमध्ये फ्लॅटचा हप्ता भरायचाय. माझा प्लॉट तोवर विकता येईल का?"

मी सवयीने टाइप केलं, 'प्रोसेस चालू आहे'. पाठवायच्या आधी का कोण जाणे, ग्रुपमध्ये 'प्रोसेस' हा शब्द शोधून पाहिला. आठ महिन्यांत मी तेच वाक्य अकरा वेळा पाठवलं होतं. बारावं मी पुसलं आणि लिहिलं, "रविवारी सविस्तर लिहितो."

जमीन घ्यायची कल्पना माझी नव्हती, चुलतभावाची होती. दादा गावाकडेच राहतो. २०२३ च्या दिवाळीत त्याने सांगितलं की शेजारच्या गावातले एक आजोबा एक पूर्ण गट विकतायत, गुंठ्याला एक लाख दहा हजार. एकट्याला कुणालाच झेपणारं नव्हतं. मी रूममेटला विचारलं, ऑफिसातल्या दोघांना विचारलं. ऑफिसातला आणखी एक जण तयार होता, पण त्याच्या घराण्यात कुणाचंच नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. तो म्हणाला, "मी नुसते पैसे देतो, नाव नको." दादाच्या ओळखीच्या वकिलांनी हे ऐकून मानसुद्धा वर केली नाही. दुसऱ्याच्या नावावर आपले पैसे म्हणजे बेनामी व्यवहार, एवढंच बोलले. तो तेव्हा माझ्यावर जरा रुसला होता. आता भेटला की हसतो.

राहिलो पाच जण. हिशेब माझ्याकडे आला, कारण स्प्रेडशीट मी केली होती. आणि 'सहा महिन्यांत एनए होईल, मग प्रत्येकाचा आठ गुंठ्यांचा वेगळा प्लॉट आणि वेगळा सातबारा' हे आश्वासनसुद्धा मीच दिलं होतं. ते हवेतून दिलं नव्हतं. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक झाली असं मानलं जातं. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि अधिमूल्य असेल तर तेही भरायचं, की सनद मिळते. मी गूगल मॅप्सवर गावच्या देवळापासून आमच्या गटापर्यंत रेघ ओढली. १८० मीटर. कलम वाचलं, अंतर मोजलं, ग्रुपवर लिहिलं: 'ऑटोमॅटिक एनए'. देऊळ म्हणजे गावठाणाची हद्द नव्हे, हद्द भूमी अभिलेखच्या नकाशात असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती चूक मात्र निभावली. सरकारी मोजणीत आमचा लांबचा कोपराही हद्दीपासून १८५ मीटरवर निघाला. निभावलं नाही ते वेगळंच.

रविवारचा पहिला मसुदा मला सोपा गेला. त्यात सगळा दोष निवडणुकांचा होता. तारखा खऱ्याच होत्या. खरेदीखत नोव्हेंबर २०२३ मध्ये झालं. फेरफाराची नोंद झाली, हरकतीचे १५ दिवस कुणाच्याही हरकतीशिवाय गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि डिसेंबरअखेर सातबाऱ्यावर आमची पाच नावं आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तातडीच्या मोजणीची फी भरली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामाला गेलं आणि भूकरमापक आमच्या बांधावर आला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मोजणीचा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, जुलैत हाती आली. पुढे १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान.

मसुदा वाचून पाहिला. सगळी वाक्यं खरी आणि मेसेज खोटा. दोन निवडणुका मिळून आमचे पाच महिने खाल्ले असतील. सोळा महिन्यांतले उरलेले कुठे गेले, ते त्यात नव्हतं.

ऑफिसात एखादी सिस्टीम बंद पडली की नंतर आम्ही एक टिपण लिहितो. त्यात तीन वेळा नोंदवाव्याच लागतात: बिघाड कधी झाला, आपल्याला कधी कळला, आपण लोकांना कधी सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत फार अंतर असेल तर बिघाडापेक्षा त्याबद्दल जास्त बोलणी बसतात. मी अशी टिपणं महिन्याला एखादं लिहितो. मी मसुदा पुसला आणि त्या तीन वेळा लिहिल्या. बिघाड: नोव्हेंबर २०२३. कळलं: जुलै २०२४. सांगितलं: आज.

जुलैत काय कळलं ते सांगतो. 'क' प्रत घेऊन मी आर्किटेक्टकडे गेलो. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "रस्ता कुठाय?"

मी म्हणालो, "आहे की. आम्ही गाडी घेऊन जातो."

"गाडी जाते ते शेतातून जाते. मी नकाशात विचारतोय."

गावाच्या नकाशात गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने. आमच्या गटाच्या चारही बाजूंना यातली एकही रेषा नव्हती. गावचा डांबरी रस्ता आमच्या गटापासून ७० मीटरवर संपतो. मधलं शेत विकणाऱ्या आजोबांच्या पुतण्याचं. आजोबांची बैलगाडी आणि नंतर ट्रॅक्टर वर्षानुवर्षं त्या शेताच्या बांधावरून जायचा, कुणी कधी अडवलं नाही. आम्हाला जमीन दाखवायला नेलं तेव्हाही गाडी तिथूनच गेली, म्हणून रस्ता आहे की नाही हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नाही.

त्या रात्री खरेदीखत पुन्हा काढून वाचलं. दुसऱ्या पानावर चतुःसीमा होत्या. पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस तमुक गट, पश्चिमेस गट, उत्तरेस गट. चार दिशा, चार गट नंबर, 'रस्ता' हा शब्द एकाही दिशेला नाही. खाली 'जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह' असं एक वाक्य होतं, बहुतेक खरेदीखतांत असतं तसं. पण आजोबांची वहिवाट शेतीसाठीची होती आणि त्यांच्याजवळ जेवढं होतं तेवढंच ते आम्हाला विकू शकत होते. पुतण्याच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यातही रस्त्याची नोंद नव्हती. हे तिन्ही कागद खरेदीच्या आधी बघता आले असते. गावाचा नकाशा, चतुःसीमा आणि मधल्या शेताचा सातबारा; तासाभराचं काम. आम्ही शोध अहवाल ३० वर्षांचा काढला. बोजा नाही, वर्ग १ ची जमीन, वारस सगळे सह्यांना हजर, सगळं स्वच्छ. शोध अहवाल मालकीचा असतो. रस्त्याचं त्यात कुणी बघत नाही आणि बघा असं आम्ही सांगितलंही नव्हतं.

आता हे कळायला मला जरा वेळ लागला होता, म्हणून मेसेजमध्ये सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली: एनए होणं आणि पाच प्लॉट पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४२-ड ने मिळते ती जमीन अकृषिक झाल्याची सनद, सगळ्या गटाची एकत्र. तिचे पाच तुकडे करून पाच स्वतंत्र सातबारे करायचे तर रेखांकन, म्हणजे लेआउट, मंजूर करून घ्यावं लागतं. मंजूर रेखांकनाप्रमाणे पुन्हा मोजणी होते, कमी-जास्त पत्रक निघतं आणि मग प्लॉटवार सातबारे होतात. रेखांकनाला सार्वजनिक रस्त्यापासून आत येणारा, कागदावर असलेला रस्ता लागतो. म्हणजे चलन भरून आम्ही उद्या सनद घेतली असती, तरी रूममेटला विकता येईल असा प्लॉट जन्मालाच आला नसता.

आणखी एक गोष्ट याच आराखड्यातून कळली, तीही मी कुणाला बोललो नव्हतो. प्रत्येकाला आठ गुंठे मिळणार नाहीत. गावात आर आणि गुंठा एकच धरतात. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर, एकराला जेमतेम अर्धा गुंठा कमी. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडायची असते. गेले ४०० चौरस मीटर. आतला रस्ता नऊ मीटर रुंद आणि आमच्या गटाच्या लांबीइतका, ६३ मीटर. गेले ५६७. उरले ३,०३३. पाचाने भागलं की ६०६ चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे. दोन गुंठे कुणी खाल्लेले नाहीत, ते आपल्याच दारातला रस्ता आणि आपलीच मोकळी जागा आहेत. पण स्प्रेडशीटच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत 'प्रत्येकी ८' लिहून ठेवलं होतं आणि ते अजून तसंच होतं.

मग जुलैपासून मी केलं काय? रस्ता मिळवायच्या मागे होतो. सांगत नव्हतो, कारण प्रत्येक वेळी वाटायचं, पंधरा दिवसांत मिटेल. मिटल्यावर सांगू, प्रश्न आणि उत्तर एकदमच.

पहिल्यांदा तहसीलदारांकडे अर्ज करायचं डोक्यात होतं. संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. वकील म्हणाले, "मिळेल. शेतात जायला मिळेल. तिथे पाच बंगले बांधायचेत म्हणून नाही मिळणार." मग वाटलं, पट्टाच विकत घेऊ. ७० मीटर लांब, ९ मीटर रुंद, सव्वासहा गुंठ्यांच्या आतबाहेर. तिथे तुकडेबंदी आली. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने आमच्यासह बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा वेगळा काढून विकता येत नाही. शेतरस्त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने सवलत आहे, पण पुन्हा तेच, तो शेतरस्ता. शेवटी वकिलांनी तिसरी वाट सांगितली. जमीन विकत घ्यायचीच नाही. मालकी पुतण्याची राहू द्यायची आणि रस्त्याच्या कायमस्वरूपी वापराचा हक्क नकाशासकट नोंदणीकृत दस्ताने घ्यायचा, आणि तो त्यांच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त चढवायचा. हा रस्ता रेखांकनाला चालेल असं आर्किटेक्टनेही सांगितलं.

पुतणे, म्हणजे आमचे काका, बोलायला सरळ निघाले. पट्टा विकायचा असता तर बारा लाख, म्हणाले. पण मालकी त्यांचीच राहणार, रस्ता त्यांनाही वापरता येणार आणि त्यांच्या शेताला नऊ मीटरच्या रस्त्याचं तोंड मिळणार, हे दादाने चार वेळा जाऊन सांगितल्यावर सहा लाखांवर आले. मुरूम आणि खडी मात्र आम्ही टाकायची. गणपतीत ठरलं. मी मनातल्या मनात मेसेज लिहायला घेतला. मग त्यांचा सातबारा नीट पाहिला, तर त्यावर तीन नावं. काका आणि त्यांच्या दोन बहिणी.

धाकट्या बहिणीने हो म्हटलं. थोरली पनवेलला असते, तिने फोनवरच नाही सांगितलं. काका म्हणाले, समजावतो. दिवाळी गेली, निवडणूक गेली. जानेवारीत मी आणि दादा पनवेलला गेलो. आत्या साठीच्या असतील. चहा झाला. दस्ताचा मसुदा पुढे ठेवला तर त्यांनी हातही लावला नाही.

"बाबा गेले तेव्हा आमची नावं लागली," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून गावाहून कागद घेऊन जो येतो, तो हक्कसोडपत्रच घेऊन येतो. तुमचा कागद कसला?"

मी सांगितलं की हक्क सोडायचा नाही, उलट तुमचं नाव राहणार, फक्त आम्हाला जायला-यायला द्यायचं. त्यांनी चष्मा आणवला आणि आठ पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एके ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "मोबदला एकूण सहा लाख. कुणाला?"

मसुद्यात सगळी रक्कम काकांच्या नावाने होती. आम्हाला ते खटकलंही नव्हतं.

"तिघांचे तीन चेक. माझा माझ्या नावाने. मग येते सहीला." आणि दादाकडे बघून म्हणाल्या, "त्याला सांग, पैशाचं नव्हतं. सहा महिने तो मला 'सही कर' म्हणतोय, कशावर ते एकदाही बोलला नाही."

परतीच्या वाटेवर दादा आत्यांचं कौतुक करत होता. मी गप्प होतो. मीही चौघांकडून सहा महिने विश्वास मागत होतो आणि कशावर ते सांगत नव्हतो. तरीही लिहायला मला आणखी दोन महिने लागले.

तर मेसेज. सगळा इथे देत नाही, पण पैशांचा भाग जसा पाठवला तसा देतो.

"खरेदीच्या वेळचा खर्च: जमीन ४४,००,०००. मुद्रांक आणि नोंदणी मिळून २,५०,०००. शोध अहवाल आणि खरेदीखताचं काम ३५,०००. मध्यस्थ ४४,०००. एकूण ४७,२९,०००, प्रत्येकी ९,४५,८००. हे सगळ्यांना माहीत आहे.

"त्यानंतरचा खर्च: मोजणी १५,०००. तारेचं कुंपण १,०५,०००. कुंपण हलवणं २२,०००. वकील १५,०००. आर्किटेक्टचा पहिला हप्ता २५,०००. इतर १८,०००. एकूण २,००,०००, प्रत्येकी ४०,०००.

"कुंपण हलवणं ही माझी चूक. मोजणी होण्याआधी जानेवारीत घाईने कुंपण घातलं. मोजणीत उत्तरेची हद्द दीड मीटर आत निघाली, खांब उपटून पुन्हा रोवावे लागले. आधी मोजणी, मग कुंपण, हे गावातलं लहान पोरही सांगेल.

"'इतर' मधले १२,००० प्रवास, झेरॉक्स, नकला, पावत्या फोल्डरमध्ये आहेत. उरलेले ६,००० मी एका एजंटला दिले. तो फाईल पुढे सरकवतो म्हणाला होता. फाईल तेव्हा दाखलच झालेली नव्हती, त्यामुळे सरकवायला काही नव्हतं. ते ६,००० माझ्या नावावर टाका."

एजंटबद्दल लिहिताना कान गरम झाले होते. पण वाचताना माझ्या लक्षात आलं, 'इतर' या एका शब्दामुळेच सगळ्यात जास्त शंका आल्या असत्या, आणि त्या विचारायला मित्रांना सगळ्यात जास्त संकोच वाटला असता.

पुढचं असं लिहिलं. "रस्त्याचा मोबदला ६,००,०००, तिघांना दोन-दोन लाखांचे तीन चेक, सहीच्या दिवशी दुय्यम निबंधकांसमोर. दस्ताचा मुद्रांक आणि वकील ५०,०००. मुरूम-खडी २,००,०००. आर्किटेक्टचा दुसरा हप्ता आणि रेखांकनानंतरची मोजणी ५०,०००. एकूण ९,००,०००, प्रत्येकी १,८०,०००. सरकारी चलन याच्या वर, ते किती येईल हे अर्ज गेल्यावरच कळेल. क्रम बदलायचा नाही: आधी दस्त, मग 'इतर हक्कां'त नोंद, ती सातबाऱ्यावर दिसली की ४२-ड चा अर्ज आणि रेखांकन, शेवटी मुरूम. नोंद दिसल्याशिवाय मुरुमाचा एक डंपरही नाही."

राहिला रूममेटचा प्रश्न. त्याला तीन वाटा होत्या आणि एकही चांगली नव्हती. त्याचा आठ गुंठ्यांचा हिस्सा बाहेरच्या कुणाला विकायचा, तर तो माणूस शेतकरी हवा, आणि त्याला मिळणार काय, तर पाचात एक अविभक्त हिस्सा, प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान. वकिलांनी त्या वाटेला जाऊ नका म्हटलं. दुसरी वाट, आम्ही चौघांनी त्याचा हिस्सा घ्यायचा: आजवरच्या खर्चाने ९,८५,८००, म्हणजे प्रत्येकी २,४६,४५०, आणि पुढचा नऊ लाखांचा खर्च चौघांत, प्रत्येकी २,२५,०००. शिवाय जमीन वडिलोपार्जित नसल्यामुळे हक्कसोडपत्राला खरेदीखतासारखाच मुद्रांक. तिसरी, सगळी जमीन आहे तशी विकायची. दादाकडे एक गिऱ्हाईक ३८ लाखांचं आलं होतं. रस्ता नाही हे त्याने येऊन पहिल्या पाच मिनिटांत पाहिलं होतं. त्यात प्रत्येकाच्या हातात ७,६०,०००, तोटा २,२५,८००.

शेवटी लिहिलं: "रस्ता नाही हे मला जुलै २०२४ पासून माहीत होतं. 'प्रोसेस चालू आहे' हे खरं नव्हतं. प्रोसेस सुरूच झालेली नव्हती."

सहा वाजता पाठवला. ऑफिसातल्या दोघांनी रात्रीत वाचून प्रश्न विचारले, नीट विचारले. एकाने माझ्या बेरजेत नाही पण मांडणीत गोंधळ काढला. दादाने अंगठा टाकला. रूममेटने एकच शब्द लिहिला: "जुलै?"

अकराला त्याचा फोन आला. होस्टेलला चार वर्षं एका खोलीत काढल्यावर माणूस किती चिडलाय ते त्याच्या हळू आवाजावरून कळतं.

"मी फ्लॅट जानेवारीत बुक केला," तो म्हणाला. "हे तू डिसेंबरात सांगितलं असतंस तर केला नसता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुंपणाची चूक बावीस हजारांची, एजंटची सहा हजारांची, ती स्प्रेडशीटमध्ये बसते. ही कुठल्या ओळीत लिहायची ते मला कळलं नाही. बोलताना कळलं की रस्त्याचं त्याला दादाकडून फेब्रुवारीतच उडत-उडत कळलं होतं. शुक्रवारचा प्रश्न त्याने मी खरं सांगतो का, हे बघायला विचारला होता.

"आणि सांगितलं नसतं तर?"

"तर मी ३८ लाखांच्या गिऱ्हाईकाला हो म्हणायला सांगणार होतो. तोटा सोसून."

आज एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. रूममेट जमिनीत राहिला आहे. त्याच्या हप्त्यासाठी अडीच लाख मी माझ्या बचतीतून दिले, त्याच्या हिश्श्यावरची उचल म्हणून, साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी. त्याचे पुढचे १,८०,००० आम्ही चौघे भरतोय. प्लॉट विकला की दोन्ही रकमा आधी वळत्या होतील. आमचं बोलणं आहे, पण पूर्वीसारखं नाही. फोन तो हल्ली दादाला करतो.

दस्तासाठी अक्षय्यतृतीयेनंतरचा सोमवार ठरला आहे, कारण आत्या सणाला गावी येणारच आहेत. तिन्ही चेकवर नावं लिहून झाली आहेत. तारीख टाकलेली नाही.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी ग्रुपवर तीन ओळी पाठवायचं कबूल केलं आहे, काही घडलेलं असो वा नसो. पहिल्या १ एप्रिलला गेल्या:

"रस्ता: मसुद्याला तिघांची मान्यता, सह्या बाकी. खर्च: या महिन्यात शून्य. माहीत नाही: चलन किती येईल."

दिवसभर कुणी काही लिहिलं नाही. रात्री रूममेटने विचारलं, "चलनाचा अंदाजही नाही का?" मी लिहिलं, "नाही." त्याने लिहिलं, "ठीक."